हात दिसेना कोणाचा

निर्गुणी भजन लिहायला बसलेल्या माणसासमोर पहिली अडचण अशी की, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला रूप नाही. विठ्ठलाबद्दल लिहायचं तर वीट आहे, कटेवरचे कर आहेत, तुळशीहार आहे. निराकाराला यातलं काहीच नाही. मग बहुतेक नवखे लेखक नकारांची माळ ओवत बसतात. त्याला रंग नाही, आकार नाही, आदि नाही, अंत नाही. चार ओळी होतात, पाचवीला ऐकणारा जांभई देतो. तत्त्व म्हणून त्यात चूक काही नसतं, पण ‘नाही’ गाता येत नाही. गायला काहीतरी हातात धरावं लागतं.

पंधराव्या शतकात काशीला कबीरांनी हातात धरला तो माग. ते जुलाह्याच्या, म्हणजे मुसलमान विणकराच्या घरात वाढले. त्यांच्या नावावरच्या पदांतून चरखा, सूत, माग आणि चादर पुन्हा पुन्हा येतात. या पदांची भाषा मात्र त्यांनी एकट्याने घडवलेली नाही. शरीरातल्या नाड्या, चक्रं, अनाहत नाद ही सगळी सामग्री नाथपंथी जोग्यांकडून आलेली होती, आणि त्याच नाथांच्या परंपरेतून गहिनीनाथ-निवृत्तिनाथांमार्गे ज्ञानेश्वरांपर्यंत धागा येतो. त्यामुळे निर्गुणी भजन मराठी माणसाला वाटतं तितकं परकं नाही. आपल्याकडे धंद्याच्या अवजारांतून देव सांगायची रीतही जुनी आहे. सावता माळ्यांनी मळा वापरला, नरहरी सोनारांनी सोनारकाम, सेना न्हाव्यांनी आरसा. शिंपी असलेल्या नामदेवांची हिंदी पदं शिखांच्या आदिग्रंथात आहेत आणि त्यांत शिंप्याचा गज, कात्री, सुई-दोरा आहे. फरक एवढाच की वारकरी संताला शेवटी पंढरीला जायचं असतं. निर्गुणी कवीला जायला कुठलंच गाव नसतं.

मराठी कानांना ही पदं नीट ऐकवली ती कुमार गंधर्वांनी. ते १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले आणि क्षयाच्या आजारपणात माळव्यातल्या देवासला जाऊन राहिले. तिथल्या शीलनाथांच्या धुनीवर येणाऱ्या नाथपंथी गायकांची गायकी त्यांच्या कानांवर पडत होती. त्यांच्या निर्गुणी गाण्यात जो मोकळा, थोडासा उग्र आवाज लागतो तो या अंगणातला आहे, दरबारातला नव्हे. निर्गुणी भजन लिहिणाऱ्याने ते ऐकावं, पण शब्दांसाठी नव्हे. एक ओळ म्हणून झाल्यावर गायक किती वेळ गप्प राहतो, ते ऐकण्यासाठी.

आता मागाकडे येऊ. मागाची प्रतिमा वापरायची तर माग कसा चालतो ते माहीत हवं, कारण या प्रकारच्या भजनात तत्त्वज्ञान धंद्याच्या तपशिलातूनच निघतं. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, आडव्याला बाणा. ताणा विणकामाच्या आधी तयार होतो. ४५ इंच पन्ह्याच्या कापडात इंचाला ६० तारा धरल्या तर २७०० उभ्या तारा झाल्या. त्यातली प्रत्येक तार आधी वहीतून, म्हणजे दोऱ्याचे फासे बांधलेल्या चौकटीतून, ओवून घ्यायची आणि मग फणीच्या फटीतून काढायची. इचलकरंजीत हेच काम करणाऱ्यांना वहिफणी कामगार म्हणतात. एवढं झाल्यावर विणकर मागावर बसतो. त्याने पाय दाबला की काही तारा वर जातात, काही खाली राहतात, मधे फट पडते आणि त्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा जातो. फणी ठोकली की तो धागा कापडाला जाऊन चिकटतो. पुन्हा पाय, पुन्हा धोटा, पुन्हा फणी.

यात भजनाला उपयोगी पडणारी पहिली गोष्ट अशी की ताणा एकदा चढला की तो बदलता येत नाही. कापड किती रुंद, किती लांब, उभा रंग कोणता, हे सगळं ठरून गेलेलं असतं. विणताना हातात राहतो फक्त आडवा धागा, तोही एका वेळी एकच. जन्म, घर, देह, आयुष्याची लांबी आपल्याला विचारून कोणी ठरवत नाही. रोजचा दिवस तेवढा आपला. हे मी आता गद्यात सांगितलं तसं भजनात सांगायचं नसतं. भजनात फक्त ताण्याबद्दल खरं बोलायचं, बाकीचं ऐकणारा लावून घेतो.

इथेच नवख्याचा हात घसरतो. त्याच्या वहीत ओळ उतरते ती अशी: ‘श्वास हाच माझा धोटा, देह हाच माझा माग’. अक्षरं बरोबर भरतात, चालही लागते, तरी ओळ मेलेली असते. कारण तिने हिशेब मांडून टाकला. धोटा बरोबर श्वास, माग बरोबर देह, कापड बरोबर कर्म. मग ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. ओळ अशी जमाखर्चाची झाली आहे का, ते ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ‘हाच’, ‘म्हणजे’, ‘रूपी’ हे शब्द शोधावेत. ‘श्वासरूपी धोटा’ आणि ‘देहरूपी माग’ असं लिहिणारा कवी ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

उपाय असा की श्वासाचं नाव न घेता धोट्याबद्दल अशी एक गोष्ट सांगायची जी धोट्याला लागू पडत नाही, पण श्वासाला पडते. विणकर झोपला की माग थांबतो. मग भजनात म्हणावं, धोटा जातो, धोटा येतो, मी निजलो तरी तो थांबला नाही. मागाचं चित्र तिथे किंचित फाटतं आणि त्या फटीतून ऐकणाऱ्याला कळतं की हा लाकडाचा धोटा नव्हे. माझ्या मते या प्रकारच्या रचनेची सगळी युक्ती यात आहे. प्रतिमा पंधरा आणे खरी ठेवायची आणि एक आणा अशक्य.

दुसरी खबरदारी विणकराची. कापड आहे तर विणणारा असणारच, असं मन म्हणतं, आणि कवी लगेच त्याला आणून बसवतो. तो थोर विणकर, तो जगाचा कोष्टी, त्याचे कुशल हात. हात आले की रूप आलं, रूप आलं की भजन सगुण झालं. सगुण भजनात वाईट काहीच नाही, पण मग ते तसंच लिहावं. निर्गुणात विणकराची बैठक रिकामी ठेवावी लागते. माग चालताना दाखवायचा, धोटा फेकलेला दाखवायचा, फेकणारा नाही. म्हणून मी टेक अशी बांधली: माग चाले रातंदिस, हात दिसेना कोणाचा.

टेक म्हणजे ध्रुवपद, प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येणारी ओळ. ती सहा-सात वेळा ऐकली जाणार, त्यामुळे तिच्यात निष्कर्ष ठेवला तर तिसऱ्यांदा तो शिळा होतो. तिच्यात एखादी उघडी गोष्ट ठेवावी, म्हणजे प्रत्येक अंतऱ्यानंतर तिचा अर्थ थोडा सरकतो. ‘हात दिसेना’ पहिल्यांदा ऐकताना नुसतं नवल वाटतं. तुटलेली तार सांधल्याच्या अंतऱ्यानंतर तीच ओळ कृतज्ञतेची होते. शेवटच्या अंतऱ्यानंतर ती भीतीचीही होऊ शकते. गाणारा कोणत्या स्वरावर थांबतो त्यावर ते आहे.

आठ-आठ अक्षरांचं माप मी घेतलं, म्हणजे छोट्या अभंगाचं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो, नुसती अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. आपल्या भजनी ठेक्याच्या मात्राही आठ आहेत, त्यामुळे चरण ठेक्यात सहज बसतो आणि गायकाला हवं तिथे अक्षर लांबवता येतं. लांबवायला सोयीचा स्वर ‘आ’. म्हणून शक्य तिथे ओळीचा शेवट आकारान्त केला. शेवटचं अक्षर ‘क’ किंवा ‘त’ असं बंद पडणारं असेल तर गायक तिथे अडकतो, आणि मग तो आपली ओळ बदलून गातो. त्याचं काही चुकत नाही.

यानंतर अंतऱ्यांचा क्रम. तो तत्त्वज्ञानाच्या पायऱ्यांनी लावू नये, मागाच्या कामाच्या क्रमाने लावावा. आधी ताणा, मग तुटणारी तार, मग धुणं, मग कापणं.

तार तुटते त्याची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. आडवा धागा तुटला तर नुकसान एका ओळीपुरतं असतं, विणकर तो पुन्हा घालतो. उभी तार तुटली आणि लक्ष गेलं नाही तर त्या जागी कापडात रेघ पडते, आणि माग चालत राहील तितकी ती लांबत जाते. म्हणजे मागाला दिलेल्या गोष्टीतला दोष पुढे पुढे जात राहतो. तो सापडला की गाठ मारायची. गाठ इतकी बारीक हवी की ती वहीच्या फाशातून आणि फणीच्या फटीतून सुटून जाईल. चांगल्या हाताची गाठ कापड उलटल्याशिवाय दिसत नाही. देवाची कृपा, करुणा वगैरे शब्द वापरायचा मोह इथे फार होतो. मी फक्त एवढंच म्हटलं की गाठ कधी पडली ते कळलं नाही आणि बोटं उमटली नाहीत.

खळीबद्दल मात्र मला कोणत्याही ऐकीव भजनात सापडलं नाही असं काहीतरी म्हणायचं होतं. अहंकाराला डाग म्हणायची रीत आहे. आयुष्यभर मळलेलं वस्त्र, आणि ते धुऊन स्वच्छ करणं. डागाची प्रतिमा इतकी वापरून झाली आहे की ती ऐकूच येत नाही. मागावर दुसरी एक वस्तू आहे जी धुवून जाते, पण जी डाग नाही. उभ्या सुताला विणण्याआधी खळ देतात. हातमागावर ती तांदळाच्या पेजेची असते. खळ नसेल तर सूत फणीच्या घासण्याने पिसारतं आणि तुटतं. म्हणजे हा ताठपणा विणण्यापुरता लागतोच. पण नवं कापड पहिल्यांदा धुतल्यावर खळ पाण्याबरोबर जाते आणि सुताचा खरा पोत हाताला लागतो. ‘मी’पणाबद्दल हे मला डागापेक्षा खरं वाटतं. तो पाप म्हणून आलेला नाही. काम व्हावं म्हणून दिला होता, आणि काम झाल्यावर जायचा आहे.

शेवट कापण्याचा. कापड पूर्ण झालं की ते मागावरून कापून घेतात, पण ताणा शेवटपर्यंत विणता येत नाही. वही आणि फणीत अडकलेला थोडा भाग न विणलेला राहतोच. या उरलेल्या दशा फेकून न देता विणकर नव्या ताण्याची एकेक तार त्यांच्या टोकाला जोडतो आणि मग सगळं पुढे ओढून घेतो. त्यामुळे हजारो तारा पुन्हा वही-फणीतून ओवाव्या लागत नाहीत. विणकराच्या दृष्टीने ही मेहनत वाचवण्याची साधी सोय. भजन लिहिणाऱ्याला मात्र यात पुनर्जन्म हा शब्द न उच्चारता पुनर्जन्म मिळतो, आणि पहिल्या अंतऱ्यात ताणा ‘आधीच’ कसा ताणलेला होता त्याचा खुलासाही होतो.

पूर्ण भजन असं झालं:

माग चाले रातंदिस । हात दिसेना कोणाचा ॥ टेक ॥

ताणा आधीच ताणला । पुसले ना कोणी मला
धोटा जातो धोटा येतो । मी निजलो, ना थांबला ॥ १ ॥

तार तुटली तुटली । रेघ लांबत चालली
गाठ कोणी कधी दिली । बोटे नाही उमटली ॥ २ ॥

तांदळाची खळ देता । धागा फणीत टिकला
खळ गेली पाण्यासंगे । पोत हाताला कळला ॥ ३ ॥

वस्त्र कापुनी उतरे । दशा उरल्या मागाला
त्याच दशांना जोडून । नवा ताणा ताणलेला ॥ ४ ॥

यात देव, आत्मा, ब्रह्म, माया, देह यांपैकी एकही शब्द नाही. तो हट्ट होता, नियम नव्हे. कबीरांच्या नावावरच्या पदांत इडा, पिंगळा, सुषुम्ना खुशाल येतात, पण तेव्हा ऐकणाऱ्यांत त्या नाड्यांची साधना करणारे जोगी होते. आज आपण हे शब्द उसने आणले तर ते भजनाला भगवा रंग देण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. ज्याची साधना आहे त्याने जरूर वापरावेत.

शेवटच्या अंतऱ्यात नाममुद्रा नाही, हेही जाणकारांच्या लक्षात येईल. निर्गुणी पदात शेवटी कवीचं नाव येतं आणि लिहिणाऱ्याला तिथे कबीरांचं नाव घालायचा मोह होतो. हे पूर्वीही झालं आहे, आणि इतकं की कबीरांच्या नावाने गायल्या जाणाऱ्या पदांपैकी कितीतरी नंतरच्या लोकांनी रचलेली आहेत असं अभ्यासक मानतात. तेव्हा त्यात फसवणुकीपेक्षा भक्ती जास्त असेल. आज छापील पानावर ते करणं मला गैर वाटतं. मुद्रा हवी तर स्वतःची घालावी. मी ती गाळली, कारण ‘हात दिसेना’ म्हणून झाल्यावर खाली सही करणं विचित्र दिसलं असतं.

आता या भजनातलं वैगुण्य. हे हातमागाचं भजन आहे, आणि महाराष्ट्रात आज माग म्हटलं की भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर यंत्रमाग येतो. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला, त्याला शतक उलटून गेलं. अशा गावात ‘माग चाले रातंदिस, हात दिसेना कोणाचा’ असं म्हटलं तर समोरचा कामगार म्हणेल, रातपाळी आहे, मोटर चालवते, त्यात कसलं गूढ? त्याचं म्हणणं बरोबर आहे. टेकेतला अशक्य आणा तिथे शक्य होऊन बसतो आणि ओळ कोसळते. तिसऱ्या अंतऱ्यातल्या तांदळाच्या खळीने हातमाग पक्का होतो, पण तोवर उशीर झालेला असतो. यंत्रमागाच्या गावात गायचं तर टेक बदलावी लागेल. तिथे नवल चालण्याचं वाटणार नाही, वीज गेल्यावरही माग चालू राहिला तर वाटेल.

मालेगावचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. तिथल्या मोमीन-अन्सारी विणकरांचे पूर्वज उत्तरेतून आले. १८५७ नंतरच्या धामधुमीत काशीच्या आसपासच्या विणकरवस्त्यांतून माणसं माग घेऊन दक्षिणेकडे सरकली, त्यांतली काही या गावात स्थिरावली. कबीर ज्या समाजात वाढले त्याच धंद्यातले लोक, आपल्याच नाशिक जिल्ह्यात, यंत्रमागाच्या खडखडाटात पिढ्यान्‌पिढ्या विणत आहेत. कबीरांची प्रतिमा कुठे शिकायची असं कोणी विचारलं तर मी वाराणसीआधी मालेगाव सांगेन.

आणि नवी प्रतिमाही तिथेच, किंवा इचलकरंजीत मिळेल. अलीकडच्या मागांवर धोटा नसतोच. काहींवर आडवा धागा हवेच्या झोताने फेकला जातो, एका बाजूने सुटतो आणि नुसत्या वाऱ्यावर दुसऱ्या टोकाला पोचतो. कबीरांच्या काळात धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा होता, त्यांना हे स्वप्नातही सुचलं नसतं. निराकाराबद्दल लिहू पाहणाऱ्याला याहून सरळ चित्र आयतं मिळणं अवघड आहे. त्यावर अजून मराठीत मी भजन ऐकलेलं नाही. कोणाला सुचलं तर त्याने ते लिहावं, फक्त आधी एखाद्या कारखान्यात उभं राहून तो धागा जाताना पाहावा आणि तिथल्या जॉबरला विचारावं की तो कुठे, कसा तुटतो.

वरचं भजन ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते खुशाल म्हणावं. लय मध्य ठेवावी, पहिल्या तीन अंतऱ्यांनंतर टेक दोनदा घ्यावी, चौथ्यानंतर एकदाच. टाळ मोठे असतील तर दुसऱ्या अंतऱ्याला ते थांबवावेत. ‘बोटे नाही उमटली’ ही ओळ टाळांच्या आवाजात ऐकू येत नाही.